१५ वर्षांचं पासिंग: खासगी गाडीची नोंदणी पुढे चालू ठेवताना लोक विचारतात ते प्रश्न

आमच्या सोसायटीत २०१० आणि २०११ साली घेतलेल्या गाड्या बऱ्याच आहेत. एकापाठोपाठ एक त्यांची १५ वर्षं भरत चालली आहेत आणि जिन्यात भेटणारा प्रत्येक जण तेच ते विचारतो. माझ्या गाडीचं पासिंग नुकतंच करून घेतलं, त्याआधी शेजाऱ्यांच्या दोन स्कूटरींसाठी खेपा घातल्या होत्या. खाली जे आहे ते महाराष्ट्रात नोंदलेल्या, पांढऱ्या पाटीच्या, स्वतःच्या वापराच्या गाडीबद्दल आहे. पिवळ्या पाटीच्या गाड्यांचे नियम वेगळे.

१५ वर्षं झाली की गाडी भंगारातच काढावी लागते ना?

नाही. ही समजूत दिल्लीकडून आली. दिल्ली आणि तिच्या आसपासच्या एनसीआर पट्ट्यात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिला दुजोरा दिला आणि टीव्हीवरच्या बातम्यांमुळे ती सगळ्या देशाची बंदी वाटू लागली. महाराष्ट्रात तसं नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४१ प्रमाणे खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षं चालते. ती संपली की गाडी दाखवून, तपासून घेऊन पुढच्या ५ वर्षांसाठी वाढवता येते. ५ वर्षांनी पुन्हा तेच. गाडी तपासणीत उतरते तोवर किती वेळा वाढवायची याला मर्यादा नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. सरकारी खात्यांच्या गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांपुढे वाढवली जात नाही. त्यामुळे कुणी ‘सरकारी जीप आहे, स्वस्तात देतो’ म्हणत आलं तर आधी आरसीवरची तारीख बघा.

माझी तारीख नेमकी कुठे लिहिलेली असते?

आरसीवर नोंदणी कधीपर्यंत वैध आहे ते छापलेलं असतं. कार्ड घासून पुसट झालं असेल तर एमपरिवहन किंवा डिजिलॉकर ॲपमध्ये बघा. तिथे `Fitness Upto` अशी ओळ दिसते. खासगी गाडीला दरवर्षीचं वेगळं फिटनेस नसतं, त्यामुळे त्या ओळीत नोंदणी संपण्याचीच तारीख असते. ही ओळ बघून आमच्याकडचे एक काका घाबरून आले होते, की आपण १५ वर्षं फिटनेस न करताच गाडी फिरवली की काय. तसं काही नाही.

गाडी विकत घेतल्याची तारीख आणि नोंदणीची तारीख यांत गल्लत करू नका. दसऱ्याला गाडी घरी आली आणि नोंदणी आठ-दहा दिवसांनी झाली, असं सर्रास व्हायचं. मोजायची ती नोंदणीची तारीख.

अर्ज कधी करायचा?

केंद्रीय मोटार वाहन नियम ५२ प्रमाणे मुदत संपण्याआधी जास्तीत जास्त ६० दिवस. त्याआधी करता येत नाही. माझ्या गाडीची नोंदणी १४ डिसेंबर २०१० ची, म्हणजे मुदत १३ डिसेंबर २०२५ पर्यंत. साठ दिवस मागे मोजले की १४ ऑक्टोबर येतो. म्हणजे दिवाळीच्या आठवडाभर आधी अर्जाचं दार उघडलं.

अर्ज त्या दिवशी करायचा, पण तयारी त्याच्या दोन-तीन महिने आधी सुरू करा. का ते पुढच्या उत्तरात आहे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं तेच सगळ्यात महत्त्वाचं उत्तर आहे.

लोक अडकतात ते कशात? ब्रेकमध्ये की इंजिनात?

बहुतेक वेळा कागदात. गाडीचं काम मेकॅनिक दोन दिवसांत करून देतो. कागदाचं काम बँक, विमा कंपनी, पाटी बसवणारा आणि पोर्टल अशा चौघांच्या हातात असतं आणि त्यांतला एक जण हमखास वेळ लावतो.

पहिला अडथळा मोबाईल नंबरचा. ओटीपी येतो तो ‘वाहन’ नावाच्या सरकारी प्रणालीत नोंदलेल्या नंबरवर. २०१० साली शोरूमवाल्याने बऱ्याचदा स्वतःचा नाहीतर कुठलातरी नंबर टाकलेला असतो, किंवा तुमचा तेव्हाचा नंबर आता दुसऱ्या कुणाच्या खिशात असतो. parivahan.gov.in वर नंबर बदलण्याची सोय आहे. त्यासाठी चेसिस नंबर, इंजिन नंबर, नोंदणीची तारीख असे तपशील आरसीवर आहेत तसेच भरावे लागतात. इथे एक बारकी गोष्ट कामी येते: १७ अंकाक्षरी चेसिस नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत. तुम्हाला जो ओ वाटतोय तो शून्य आहे आणि आय वाटतोय तो एक. पोर्टल ‘माहिती जुळत नाही’ म्हणत असेल तर आधी हे तपासा.

दुसरा अडथळा बँकेच्या बोज्याचा. कर्ज दहा वर्षांपूर्वी फिटलं, पण आरसीवरून बोजा उतरवायचं राहून गेलं, असं घरोघरी सापडतं. तो उतरवण्यासाठी बँकेचं ना हरकत पत्र आणि तिच्या सहीशिक्क्याचा फॉर्म ३५ लागतो. तुमची बँक मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर नव्या बँकेला तुमचं कर्जखातं शोधायलाच पंधरा दिवस लागतात. जुनं पत्र कपाटात सापडलं तरी खूश होऊ नका, वर्षानुवर्षं जुनं पत्र चालवून घेत नाहीत. ताजं मागा.

तिसरा अडथळा नंबरप्लेटचा. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, बसवणं बंधनकारक आहे आणि आत्ता १५ वर्षं भरणारी प्रत्येक गाडी त्यात येते. ती बसलेली नसेल तर आरटीओत काम पुढे सरकत नाही. राज्याने ठरवलेला दर दुचाकीला ४५० आणि चारचाकीला ७४५ रुपये, वर जीएसटी. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरून जाऊनच बुकिंग करा, कारण हुबेहूब दिसणारी खोटी पानं बरीच आहेत.

चौथं, थकलेली ई-चलनं. सिग्नलवरच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो तुम्हाला माहीतही नसतो. mahatrafficechallan.gov.in वर गाडीचा नंबर टाकून बघा आणि असतील ती भरून टाका.

मग अर्ज कसा भरायचा?

parivahan.gov.in वर `Vehicle Related Services` मध्ये जाऊन महाराष्ट्र निवडायचं, गाडीचा नंबर टाकायचा, चेसिस नंबरचे शेवटचे ५ अंक द्यायचे आणि आलेला ओटीपी भरायचा. मग सेवांच्या यादीतून नोंदणी नूतनीकरण निवडायचं. विम्याचे आणि पीयूसीचे तपशील तिथे आपोआप आलेले दिसतात. विमा चालू असून दिसत नसेल तर विमा कंपनीला फोन करा, माहिती चढवायची राहिलेली असते. पैसे भरले की पावती आणि फॉर्म २५ छापून घ्यायचा, सही करायची आणि गाडी दाखवायला तारीख घ्यायची.

त्या दिवशी गाडीबरोबर मूळ आरसी, फॉर्म २५, पावती, चालू विमा, चालू पीयूसी, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, पॅन आणि चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट एवढं न्या. प्रत्येकाची एक झेरॉक्स जवळ ठेवा. कचेरीबाहेरच्या टपरीवर झेरॉक्सच्या रांगेत उभं राहण्यात माझा एकदा नंबर गेला होता.

पेन्सिल प्रिंट म्हणजे काय आणि ती घरी काढता येते का?

चेसिसवर ठोकलेल्या नंबरावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासायची, की नंबर उमटतो. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून करायचो तेच. इन्स्पेक्टर हा ठसा आरसीवरच्या नंबराशी ताडून बघतो.

आधी नंबर शोधावा लागतो. मोटरसायकलीवर तो बहुधा हँडलच्या मानेवर, उजव्या अंगाला असतो. बऱ्याच छोट्या कारमध्ये बॉनेट उघडलं की इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर असतो, काहींत पुढच्या सीटखालच्या पत्र्यावर. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत जागा दाखवलेली असते. माझ्या गाडीत त्या जागी १५ वर्षांची धूळ आणि तेल मिळून काळा थर झाला होता. रॉकेल मिळेना, म्हणून डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसला, जुन्या टूथब्रशने खाचा मोकळ्या केल्या, कोरडं होऊ दिलं आणि मग पातळ ट्रेसिंग कागद चिकटपट्टीने ताणून बसवला. पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासायची. जोर लावला की कागद फाटतो आणि नेमका शेवटचा अंक राहतो. तिसऱ्या खेपेला नीट आली. तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर मात्र लावू नका.

कोकणातल्या गाड्यांना इथे वेगळाच त्रास होतो. खाऱ्या हवेने पत्रा फुगतो आणि नंबर वाचता येत नाही. अशा वेळी गॅरेजवाला ‘मी ठोकून देतो’ म्हणाला तर ठामपणे नको म्हणा. आरटीओच्या परवानगीशिवाय ठोकलेला नंबर चोरीच्या गाडीचा वाटतो आणि मग प्रकरण पोलिसांकडे जातं. वाचता येत नसेल तर आधी कचेरीत अर्ज करून रीतसर परवानगी घ्यावी लागते.

तपासणीत नेमकं काय बघतात?

सगळ्यात आधी गाडी तीच आहे का ते: चेसिस नंबर, इंजिन नंबर, रंग आणि इंधन. तुम्ही हौसेने रंग बदलला असेल आणि आरसीवर जुनाच रंग असेल तर तिथेच थांबवतात. सीएनजी किट नंतर बसवलं असेल तर त्याची आरसीवर नोंद हवी आणि सिलिंडरची दर ३ वर्षांनी करायची दाबचाचणी झाल्याचं प्रमाणपत्र हवं.

मग दिवे. लांबचा आणि जवळचा झोत, चारही इंडिकेटर, ब्रेक लाइट, रिव्हर्स लाइट आणि मागच्या नंबरप्लेटवरचा इवलासा दिवा. हा शेवटचा दिवा गेलेला असतो हे मालकाला कधीच माहीत नसतं, कारण तो स्वतःच्या गाडीच्या मागे रात्री कधी चालत नाही. जुन्या गाड्यांच्या हेडलाइटची काच, म्हणजे खरं तर प्लॅस्टिक, पिवळं पडून झोत मंदावतो. ते घासून पॉलिश करून घेतलं तर नवं घ्यावं लागत नाही.

टायरची खोली चारचाकीला किमान १.६ मिलिमीटर आणि दुचाकीला ०.८ मिलिमीटर हवी. मोजायला यंत्र नको. टायरच्या खाचेत तळाशी आडवे छोटे उंचवटे असतात. कारच्या टायरची नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. स्टेपनी बघायची विसरू नका, तिला हवा नसते.

बाकी हॉर्न, वायपर, आरसे, स्पीडोमीटर, सीटबेल्ट, स्टिअरिंगमधला सैलपणा, ब्रेक आणि हँडब्रेक. गालिचा उचलून पायाखालचा पत्रा गंजलाय का तेही बघतात, निदान मला तरी उचलायला लावला. त्रिकोणी रिफ्लेक्टर आणि प्रथमोपचार पेटी गाडीत असू द्या. काचांवरची काळी फिल्म, पुढचा लोखंडी बुलबार, कर्कश हॉर्न आणि आवाज करणारा सायलेन्सर आदल्या दिवशीच काढून टाका, त्यावर तिथे वाद घालण्यात अर्थ नाही.

दुचाकीत लोक सगळ्यात जास्त सापडतात ते मागच्या माणसासाठी असलेल्या गोष्टींत. नियम १२३ प्रमाणे मागे बसणाऱ्याला धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाच्या अर्ध्या भागावर आच्छादन हवं. हे आच्छादन म्हणजेच आपला साडीगार्ड. पोरांनी तो पहिल्याच वर्षी काढून माळ्यावर टाकलेला असतो. तो शोधा.

तुमची गाडी पहिल्या खेपेत पास झाली का?

नाही, हँडब्रेकवर राहिली. आमची इमारत सपाटीवर, त्यामुळे वर्षानुवर्षं हँडब्रेक अर्धवट ओढून काम भागायचं. इन्स्पेक्टरने गाडी मैदानाच्या कडेच्या चढावर घ्यायला लावली, गिअर न्यूट्रल करून हँडब्रेक ओढायला सांगितलं आणि गाडी सावकाश मागे सरकली. त्याने काही न बोलता कागदावर दोन शब्द लिहिले.

कारण साधं होतं. हँडब्रेकची केबल कालांतराने ताणली जाते आणि मागच्या ड्रममधले लायनर झिजतात. मग दांडा आठ-दहा कट वर येतो तरी चाक धरत नाही. तुमचा दांडा पाच-सहा कटांत घट्ट होत नसेल तर शंका घ्या आणि घरीच, मोकळ्या चढावर, मागे कुणी नाही असं बघून करून बघा. माझ्या मेकॅनिकने लायनर बदलले, केबल ताणली, दुपारपर्यंत काम झालं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तारीख घेऊन गेलो. दुसऱ्या खेपेला फक्त हँडब्रेक बघितला आणि पाच मिनिटांत मोकळा केला.

नापास झालं म्हणजे गाडी जप्त होत नाही. दोष दुरुस्त करून पुन्हा दाखवायची. नूतनीकरण साफ नाकारलं तर कलम ४५ प्रमाणे कारण लेखी द्यावं लागतं आणि त्यावर कलम ५७ प्रमाणे ३० दिवसांत अपील करता येतं. साध्या दोषांसाठी मात्र अपिलापेक्षा मेकॅनिक बरा.

पीयूसी तर आहेच. त्यात काय बघायचं?

ती तपासणीच्या दिवशी चालू हवी, एवढंच बघायचं, आणि तिथेच लोक चुकतात. धुराच्या बीएस-४ आणि त्यापुढच्या मानकाच्या गाड्यांची पीयूसी वर्षभर चालते, बीएस-३ आणि त्याआधीच्या गाड्यांची सहाच महिने. २०१० आणि २०११ सालच्या गाड्यांत दोन्ही प्रकार सापडतात, कारण कारसाठी बीएस-४ २०१० मध्ये निवडक मोठ्या शहरांतच लागू झालं. आपल्याकडची त्यातली शहरं मुंबई, पुणे आणि सोलापूर. त्यामुळे पुण्यातली तुमची आणि साताऱ्यातल्या तुमच्या भावाची तीच गाडी, त्याच वर्षीची, तरी पीयूसीची मुदत वेगळी असू शकते. आरसीवर किंवा पीयूसीच्या कागदावरच कुठलं मानक ते लिहिलेलं असतं.

एकूण खर्च किती येतो?

माझ्या पेट्रोल गाडीचा हिशेब सांगतो. नूतनीकरणाचं शुल्क ५,००० रुपये, हा दर १ एप्रिल २०२२ पासूनचा. त्याआधी हेच काम ६०० रुपयांत व्हायचं, म्हणून वडीलधारी मंडळी आकडा ऐकून चमकतात. दुचाकीला १,००० रुपये. परदेशातून आयात केलेल्या गाडीला मात्र चारचाकी असेल तर ४०,००० आणि दुचाकी असेल तर १०,०००.

त्यावर राज्याचा पर्यावरण कर. १५ वर्षांवरच्या खासगी गाडीला तो ५ वर्षांचा एकदम भरायचा: दुचाकीला २,०००, पेट्रोल कारला ३,०००, डिझेल कारला ३,५०० रुपये. गाडी घेताना भरलेला एकरकमी रस्ता कर पुन्हा भरावा लागत नाही, हे दोन वेगळे कर आहेत. स्मार्ट कार्डाचे २०० आणि वर टपालखर्च. म्हणजे सरकारी भरणा ८,२०० च्या थोडा वर गेला. स्कूटरचा तसाच हिशेब ३,२०० च्या आसपास येतो, आणि जिची किंमतच दहा-बारा हजार आहे त्या स्कूटरला हा आकडा टोचतो हे खरं.

याशिवाय एचएसआरपी, पीयूसी, विमा आणि गॅरेजचं बिल. गॅरेजला मी हँडब्रेक, दोन टायर आणि हेडलाइट पॉलिश धरून सरकारी भरण्यापेक्षा जास्त पैसे दिले. तो खर्च पासिंगचा म्हणायचा की एरवीच करायला हवा होता, हे तुम्ही ठरवा.

पुढचा टप्पा महाग आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांवरच्या गाड्यांचं शुल्क दुप्पट केलं: कारला १०,०००, दुचाकीला २,०००. आज ५ वर्षांसाठी वाढवताना हे डोक्यात असू द्या.

तारीख उलटून गेली तर?

दोन गोष्टी होतात. पहिली दंडाची: उशिराच्या प्रत्येक महिन्यामागे दुचाकीला ३०० आणि कारला ५०० रुपये जादा. आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींची स्कूटर कोविडच्या काळात मुदत संपून तीन वर्षं जिन्याखाली उभी होती. ३६ महिन्यांचे १०,८०० झाले. स्कूटर भंगारात गेली.

दुसरी गोष्ट पैशांपेक्षा गंभीर आहे. नियम ५२ सांगतो की मुदत संपलेली खासगी गाडी नोंदलेली धरलीच जात नाही आणि नूतनीकरण होईपर्यंत ती सार्वजनिक जागी वापरता येत नाही. पकडलं तर कलम १९२ खाली पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये दंड. पण खरी भीती अपघाताची. विम्याचा हप्ता तुम्ही भरलेला असतो, कंपनीने तो घेतलेलाही असतो, आणि दाव्याच्या वेळी ‘गाडीला नोंदणीच नव्हती’ असं उत्तर येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशाच एका प्रकरणात, तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेल्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारणाऱ्या विमा कंपनीची बाजू उचलून धरली. म्हणून मुदत संपलेली गाडी आरटीओपर्यंत न्यायची तर टोइंगवाल्याला बोलवा. ‘पावती खिशात आहे’ हे कायद्यापुढे उत्तर होत नाही.

गाडी वडिलांच्या नावावर आहे आणि ते गेले. मी नूतनीकरण करू शकतो का?

आधी नाव बदलावं लागेल. आरटीओच्या दृष्टीने अर्ज मालकाने करायचा असतो आणि मालक हयात नाही. मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि ३ महिन्यांत गाडी वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१ भरायचा, असा नियम आहे. प्रत्यक्षात घरात एवढं काही घडलेलं असताना गाडीच्या आरसीकडे कुणाचं लक्ष जातं? सात-आठ वर्षांनी मुदत संपायला आली की आठवतं.

मृत्यूचा दाखला, वारसांची नावं दाखवणारा पुरावा आणि बाकीच्या वारसांचं ‘आमची हरकत नाही’ असं प्रतिज्ञापत्र लागतं. बहीण परदेशात असेल तर तिची सही मिळवण्यातच महिना जातो. त्यामुळे अशा गाडीच्या बाबतीत ६० दिवसांच्या भरवशावर राहू नका. विम्यावरचं नावही त्याच वेळी बदलून घ्या, ते कायम विसरलं जातं.

गाडी एमएच-०९ ची आणि मी आता ठाण्यात राहतो. कोल्हापूरला जावं लागेल का?

कायद्याप्रमाणे गाडी ज्या आरटीओच्या हद्दीत आहे तिथे अर्ज करता येतो, आणि ते कार्यालय मूळ कार्यालयाला कळवतं. व्यवहारात मात्र आरसीवरचा पत्ता बघितला जातो. म्हणून ठाण्याचा पत्ता आरसीवर आधी चढवून घ्या. गाडीचा नंबर एमएच-०९ च राहतो.

दुसऱ्या राज्यात कायमचे गेलेल्यांचं गणित वेगळं. गोव्यात किंवा बंगळुरात राहणाऱ्यांना मूळ आरटीओची एनओसी, तिथला कर आणि नवा नंबर या रस्त्याने जावं लागतं. १५ वर्षं झालेल्या गाडीसाठी एवढं करणं क्वचितच परवडतं.

आरसी जुनी, पुस्तकी आहे आणि पोर्टलवर गाडी सापडतच नाही.

नव्वदच्या दशकातल्या स्कूटर आणि मोटरसायकलींचं हे नेहमीचं आहे. त्यांचा तपशील संगणकात चढलेलाच नसतो. मूळ आरसी पुस्तक घेऊन कचेरीत बॅकलॉग नोंदीसाठी अर्ज करायचा. जुन्या रजिस्टरशी ताडून नोंद झाली की मग ऑनलाइन अर्ज उघडतो. आणि गाडी ५० वर्षांवरची असेल तर तिला २०२१ पासून व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी आहे, तिथे हे काहीच लागू नाही.

एजंट लावावा का?

पत्ता तोच, बोजा नाही, नाव तुमचंच, मोबाईल नंबर चालू, तर गरज नाही. स्वतः जा. वारसाचं प्रकरण किंवा बॅकलॉग असेल आणि रजा मिळत नसेल तर लावा, पण दोन गोष्टी सोडू नका. पैसे पोर्टलवर तुमच्या समोर भरले जावेत आणि पावती तुमच्याकडे यावी. आणि गाडी मैदानात तुम्ही स्वतः न्यावी. ‘गाडी न आणता पास करून देतो’ असं म्हणणारा माणूस तुमच्या मुलांना बसवता त्या गाडीचे ब्रेक कुणी बघितलेच नाहीत, एवढंच सांगत असतो.

आणि नाहीच करायचं ठरवलं तर?

तर गाडी ओळखीच्या भंगारवाल्याला नंबरप्लेटसकट देऊ नका. तुमच्या नावावरची गाडी उद्या कुठे आणि कुणाच्या हातात सापडेल ते सांगता येत नाही. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या. तिथे गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं, त्यावर आरसी रद्द करून घेता येते आणि तेच प्रमाणपत्र दाखवून नवी खासगी गाडी घेताना रस्ता करात सवलत मिळते. केंद्राच्या नियमात तिची कमाल मर्यादा २५ टक्के आहे, प्रत्यक्ष टक्का राज्य ठरवतं. जिन्याखालच्या त्या स्कूटरचं आम्ही हेच केलं. टेम्पोत चढवताना वहिनींनी डिकी उघडली, तर आत २०१९ च्या पीयूसीचा कागद आणि एक जोडी हातमोजे निघाले.